पाच जणींची साखळी आणि बचत गटाचे तीस हजार

पार्श्वभूमी

हे प्रकरण नाशिकच्या सिडको भागातल्या एका महिला बचत गटाचं आहे. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून नावं गाळली आहेत. बायका एकमेकींना ज्या हाका मारतात तेवढ्याच ठेवल्या आहेत. मी शाळेत गणित शिकवते आणि गेली काही वर्षं या गटाचा हिशेब तपासून देते. गटात बारा जणी आहेत. कोणी अंबडच्या कारखान्यात पॅकिंगला जाते, कोणी घरी शिवणकाम करते, दोघींची पोळीभाजीची कामं आहेत. महिन्याला प्रत्येकीचे ५०० रुपये जमा होतात, आणि गरज पडली की गटातूनच दरमहा दोन टक्क्यांनी कर्ज मिळतं. ज्या वेळची ही गोष्ट, तेव्हा बँकेत १,४०,००० रुपये शिल्लक होते आणि बाकीची रक्कम सभासदांकडे कर्जाऊ होती.

गटातल्या वयानं मोठ्या बाईंना सगळ्या आक्का म्हणतात. दहा वर्षांत त्यांनी चार वेळा कर्ज घेतलं आणि एकही हप्ता चुकवला नाही. त्यामुळे आक्कांनी अर्ज केला की सहीला वेळ लागत नसे.

या वेळी त्यांनी ३०,००० रुपये मागितले. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘पाच आयडी’.

प्रश्न कुठे उभा राहिला

आक्कांच्या शेजारी राहणाऱ्या एका बाईंनी, ज्यांना सगळ्या वहिनी म्हणतात, दोन महिन्यांपूर्वी त्यांना मुंबई नाक्याजवळच्या एका हॉलमध्ये नेलं होतं. तिथे पडद्यावर प्लॅन दाखवला गेला. ६,००० रुपये भरून सभासद व्हायचं, यालाच ते ‘आयडी घेणं’ म्हणतात. त्याबदल्यात एक आरोग्य किट मिळतं. त्यात दोन बाटल्या काढा, एक डबा पावडर आणि गोळ्यांची पाकिटं असलेली एक पिशवी. मग आपण पाच जण आणायचे. आपण आणलेल्या प्रत्येकामागे ८०० रुपये. त्या पाचांनी पाच-पाच आणले की त्या पंचवीस जणांमागे प्रत्येकी २०० रुपये. त्याच्याखालच्या सव्वाशेंमागे प्रत्येकी १०० रुपये. म्हणजे चार, पाच आणि साडेबारा हजार, एकूण २१,५०० रुपये. ‘आणि तुम्ही फक्त पाच जण आणायचे,’ हे वाक्य तिथे पुन्हा पुन्हा म्हटलं गेलं.

आक्कांनी स्वतःच्या साठवणीतले ६,००० भरले. दोन महिने झाले तरी एकही माणूस त्यांच्याखाली लागला नव्हता. मग वरच्या लीडरनं सुचवलं की घरातल्यांच्याच नावानं पाच आयडी घ्या, तुमची पहिली लेव्हल पूर्ण होईल आणि लोकांना दाखवायला काहीतरी होईल. पती, दोन मुलं, सून आणि जावई अशी पाच नावंही ठरली होती. कर्ज त्यासाठी होतं.

गटासमोरचा पेच साधा नव्हता. आक्कांची पत उत्तम होती. कर्ज कशासाठी घ्यावं याचा नियम गटाच्या घटनेत नव्हता. आणि त्याच बैठकीत कळलं की आणखी दोघी याच साखळीत आहेत आणि त्यांचेही अर्ज पुढच्या महिन्यात येणार आहेत. तिघींना मिळून नव्वद हजार गेले असते, म्हणजे बँकेतल्या शिल्लकेतले जवळजवळ दोन तृतीयांश.

समोर असलेले पर्याय

अध्यक्षबाईंचं मत होतं की कर्ज देऊन टाकावं. आक्का फेडतील, पैसा कशाला लावतात तो त्यांचा प्रश्न. हे म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं, कारण गट आजवर याच विश्वासावर चालला होता. दुसरं मत सरळ नकाराचं होतं, आणि ते मांडणाऱ्या बाईंचं आक्कांशी आधीच फारसं पटत नसल्यानं तो नकार व्यक्तिगत वाटला असता. तिसरा पर्याय निम्मी रक्कम देण्याचा. तो मला सर्वांत वाईट वाटला. योजना बरोबर असेल तर निम्मे पैसे का द्यायचे, आणि चुकीची असेल तर निम्मे तरी का बुडवायचे?

मी मागितला तो एका महिन्याचा वेळ. एवढ्या अवधीत हिशेब सगळ्यांसमोर मांडू, मग मतदान करू. वहिनींनाही बोलवावं असं मी सुचवलं, पण त्या सभासद नसल्यानं ते राहून गेलं. ती चूक होती. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

पहिली बैठक: शहर कितव्या लेव्हलला संपतं

गणिताच्या शिक्षिकेला जे पहिलं सुचेल तेच मी केलं. देवळाच्या सभामंडपात फळा टेकवला आणि लेव्हल मोजायला घेतल्या. वरचा एक माणूस. पहिल्या लेव्हलला ५, दुसऱ्या लेव्हलला २५, तिसऱ्या लेव्हलला १२५, चौथ्या लेव्हलला ६२५. पाचवी ३,१२५ ची, सहावी १५,६२५ ची, सातवी ७८,१२५ ची. आठवीत ३,९०,६२५ येतात आणि वरपासून तोवरची सगळी बेरीज होते ४,८८,२८१.

बेरीज दरवेळी करत बसायला नको. शेवटच्या लेव्हलच्या आकड्याला पाचानं गुणायचं, एक वजा करायचा आणि चारानं भागायचं.

२०११ च्या जनगणनेत नाशिक महापालिकेच्या हद्दीत १४,८६,०५३ माणसं होती. तान्ही बाळं आणि अंथरुणाला खिळलेले म्हातारेही यात आले. आठव्या लेव्हलपर्यंत पावणेपाच लाखांच्या वर माणसं साखळीत आल्यावर शहरात उरतात ९,९७,७७२. नवव्या लेव्हलला मात्र हवेत १९,५३,१२५. म्हणजे नववी लेव्हल भरायच्या आधीच नाशिक संपतं. शहर आता वाढून वीस लाखांचं झालंय असं धरलं तरी उत्तर तेच, कारण नऊ लेव्हलची बेरीज २४,४१,४०६ आहे. एका घरात एकच आयडी असं मानलं आणि घरटी साडेचार माणसं धरली, तर घरं होतात सुमारे ३ लाख ३० हजार, आणि ती आठव्यातच संपतात.

फळ्यावरचा हा भाग बायकांना आवडला. एकीनं विचारलं, ‘मग अख्खा जिल्हा घेतला तर?’ जिल्ह्याची २०११ ची लोकसंख्या ६१ लाखांच्या आसपास, ती दहाव्या लेव्हलला संपते. सव्वाअकरा कोटींचा महाराष्ट्र बाराव्या लेव्हलला, १२१ कोटींचा देश तेराव्या लेव्हलला. जगातली आठशे कोटी माणसं पंधराव्याला. सिडकोपासून निघून साऱ्या जगापर्यंत जायला नवव्यानंतर फक्त सहा लेव्हल लागतात, हे पाहून सभामंडप शांत झाला.

माझा मुद्दा पटला असं मला वाटलं. तेवढ्यात आक्का म्हणाल्या, ‘मॅडम, तुमचं खरं आहे. पण आमची साखळी आत्ता चौथ्या लेव्हलला आहे, असं लीडर सांगतो. म्हणजे अजून पाच लेव्हल मोकळ्या आहेत की.’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी शहर संपण्याची वेळ दाखवली आणि आक्कांना त्यात अजून शिल्लक असलेली जागा दिसली. दुसरी म्हणाली, ‘आणि मला सगळं नाशिक कशाला हवंय? मला पाचच जणी पाहिजेत.’ माझ्या सगळ्या मोठ्या आकड्यांनी त्यांची घाई वाढवली होती. लवकर शिरलं तर फायदा, असाच अर्थ त्यातून निघत होता.

हा या प्रकरणातला पहिला खरा वळणाचा बिंदू. लोकसंख्या संपण्याचा हिशेब बरोबर असतो, पण तो भविष्यातल्या कुठल्या तरी अनोळखी माणसाचा तोटा सांगतो. समोर बसलेल्या बाईला आज काय होणार हे तो सांगत नाही.

शेंगदाणे

पुढच्या आठवड्यात मी फळा आणला नाही. मोठं स्टीलचं ताट आणि अर्धा किलो शेंगदाणे नेले. मध्ये एक दाणा, त्याभोवती पाच, मग पंचवीस, मग सव्वाशे. आक्कांनीच मांडले. खाली बसून, चष्मा नाकावर घेऊन, बाहेरच्या रिंगणात एक एक दाणा त्या सरळ करत होत्या. एकूण १५६ झाले.

‘आता साखळी इथे आहे, आजच्या तारखेला,’ मी म्हटलं. ‘बाहेरच्या सव्वाशेंना किती मिळाले?’ त्यांच्याखाली कोणीच नाही, म्हणून शून्य. ते दाणे वाटीत भरले. ताटात ३१ उरले. त्यांतल्या बाहेरच्या पंचवीस जणांना पाच-पाच माणसांचे ४,००० मिळाले, पण त्यांनी भरले होते सहा हजार. तेही तोट्यात, म्हणून वाटीत. ताटात राहिले सहा दाणे. मधल्या एकाला २१,५०० आणि त्याच्या खालच्या पाचांना प्रत्येकी ९,०००. एकशे छप्पन्नात फायद्यात सहा, तोट्यात दीडशे.

‘पण आणखी एक लेव्हल झाली की ते पंचवीस फायद्यात येतील ना?’ आक्कांनी विचारलं. हाच प्रश्न यायला हवा होता. मी सगळे दाणे परत ताटात ओतले आणि उरलेल्या पिशवीतून आणखी ६२५ घ्यायचे ठरवले. मोजणं शक्य नव्हतं, दाण्याचं वजन अर्धा ग्रॅम धरून तीनशे बारा ग्रॅमच्या आसपास अंदाजानं ओतले. ताट भरून गेलं. आता पंचवीस खरंच फायद्यात आले. फायद्यात एकूण ३१. पण साखळीत माणसं झाली ७८१ आणि तोट्यात ७५०. आधी शंभरात चार फायद्यात होते, आताही शंभरात चारच.

किती लेव्हल झाल्या याला यात काही महत्त्वच नाही. चौथ्याला थांबा, आठव्याला थांबा, शहर संपल्यावर थांबा. दर पाचांतले चार जण शेवटच्या रिंगणात असतात आणि त्यांच्या हातात काही नसतं. त्यांच्या वरचे शंभरातले सोळा भरलेल्यातले दोन तृतीयांशच परत मिळवतात. एक लेव्हल वाढली की जुने पंचवीस सुटतात आणि त्यांच्या जागी सव्वासहाशे नवे येऊन बसतात. नाशिकमध्ये माणसं शिल्लक आहेत म्हणून तोटा पुढे ढकलला जात नाही. तो आज, याच क्षणी, साखळीतल्या बहुतेकांच्या घरात आहे.

आक्कांचा चेहरा पाहून वाटलं की हे त्यांच्यापर्यंत पोचलं. पण त्यांनी एक शंका काढली, आणि ती चांगली होती. ‘प्रत्येक जण पाचच आणतो असं कुठे असतं? कोणी दहा आणते, कोणी एक. मी जास्त आणणारी असले तर?’ ताटातली साखळी फार नीटनेटकी होती. खरी तशी नसते.

त्रेचाळीस नावांची वही

याचं उत्तर वहिनींच्या वहीत मिळालं. या वेळी मी स्वतः त्यांच्या घरी गेले आणि त्यांना बैठकीला बोलावलं. वहिनी फसवणाऱ्या बाई नव्हत्या. त्यांनीही पैसे भरले होते आणि त्यांना मनापासून वाटत होतं की आपण शेजारणींचं भलं करतोय. त्यांच्याकडे एका दोनशे पानी वहीत आमच्या भागातल्या साखळीची सगळी नावं होती, कोणाखाली कोण ते बाण काढून. सर्वांत वर एक भाऊ. त्यांच्यासकट ४३ माणसं.

आम्ही प्रत्येक नावापुढे त्यानं आणलेल्या माणसांचा आकडा लिहिला. भाऊंनी सात आणले होते. एकीनं सहा, वहिनींनी पाच. दोघींनी चार-चार, तिघींनी तीन-तीन, सात जणींनी एक-एक. बाकीच्या अठ्ठावीस जणांपुढे शून्य. मग मी वहिनींनाच बेरीज करायला सांगितली. बेचाळीस आली.

‘त्रेचाळीस माणसं आणि बेचाळीस बाण,’ मी म्हटलं. ‘वहिनी, उद्या तुम्ही आणखी दहा जण आणले तर?’ त्यांनी क्षणभर विचार केला. त्रेपन्न माणसं, बावन्न बाण.

साखळीचा आकार कसाही असो, यात बदल होत नाही. सर्वांत वरच्या एकाला सोडून प्रत्येक जण कोणाच्या तरी खाली एकदाच लागतो. म्हणून आणलेल्या माणसांची बेरीज नेहमी सभासदांपेक्षा एकानं कमी असते, आणि माणशी सरासरी एकाहून किंचित कमी पडते. शहर मोठं असलं तरी, लोक कितीही उत्साही असले तरी. बेचाळीस बाणांतून पाच-पाचांचे जास्तीत जास्त आठ गठ्ठे निघतात. त्रेचाळिसांत पाच जण आणणारे आठांहून जास्त असूच शकत नाहीत, आणि एकीनं दहा आणले की दुसऱ्या कोणाच्या तरी वाट्याचे ते कमी झालेले असतात. ‘प्रत्येकीनं फक्त पाच आणायचे’ हे वाक्य जितकं सोपं वाटतं तितकंच ते अशक्य आहे. पाच आणणं काही जणींना जमेल, प्रत्येकीला कधीच जमणार नाही.

मग पैशांचा हिशेब. ४३ जणांचे २,५८,००० रुपये जमा झाले. एका नव्या माणसामागे वर जास्तीत जास्त ८००, २०० आणि १०० म्हणजे ११०० रुपये जातात. ४३ जणांमागे फार तर ४७,३००. उरलेले दोन लाखांच्या वर कंपनीकडे. त्याबदल्यात किटं. सिडकोतल्या आयुर्वेदिक दुकानदाराला मी किट दाखवलं होतं. तसलाच काढा आणि पावडर त्याच्याकडे नऊशे-हजारात मिळत होती.

वहिनींना मी एकच प्रश्न विचारला, की सभासद नसलेल्या कोणी हे किट आजवर विकत घेतलं आहे का. त्यांनी वही दोनदा चाळली. एकही नाव निघालं नाही. थेट विक्रीचा खरा धंदा ओळखण्याची खूण हीच असते. तिथे बाहेरचं गिऱ्हाईक मालासाठी पैसे देतं. इथे प्रत्येक गिऱ्हाईक सभासद होता आणि प्रत्येकानं पुढची माणसं मिळतील म्हणून पैसे दिले होते.

वही हातात असल्यानं आणखी एक गोष्ट दिसली. सभासद झाल्यावर ओळखीच्यांची यादी करायला लावतात. चार जणींच्या याद्या त्याच वहीत मागे चिकटवलेल्या होत्या, प्रत्येकी वीस नावांच्या. दुबार नावं खोडली तेव्हा ऐंशीतली एकतीस उरली. त्यांतली अकरा आधीच साखळीत होती. कागदावर नाशिक नवव्या लेव्हलला संपतं. त्या गल्लीपुरतं ते चौथ्या लेव्हललाच संपलं होतं, कारण सगळ्यांची माणसं तीच होती. आक्कांना दोन महिन्यांत एकही माणूस का मिळाला नाही, याचं कारण तिथे लिहिलेलं होतं. आक्का तोवर स्वतःला दोष देत होत्या. ‘मला बोलता येत नाही,’ असं त्या म्हणायच्या. लीडरनंही त्यांना तेच सांगितलं होतं.

निर्णय

आता तीस हजारांचा प्रश्न अगदी लहान झाला. आक्कांनी घरातल्या पाच आयडींसाठी ३०,००० भरले असते तर त्यांना परत किती मिळाले असते? पाच गुणिले ८००, म्हणजे ४,०००. आणि मग त्या पाच जणांखाली पंचवीस बाहेरची माणसं हवीत. ज्यांना एक मिळाला नाही त्यांनी पंचवीस शोधायचे. शिवाय गटाचं व्याज पहिल्या महिन्यालाच ६०० रुपये. हा हिशेब पहिल्या दिवशी, अर्जाच्या मागच्या बाजूला, दोन ओळींत झाला असता. तो मी तिसऱ्या बैठकीत केला.

कायद्याचाही विषय काढावा लागला. १९७८ चा बक्षीस चिट आणि पैसे फिरवण्याच्या योजनांवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा आहे. झटपट पैसा, किंवा नवे सभासद येण्यावर अवलंबून असलेला पैसा देण्याचं वचन, ही त्याच्या लेखी बंदी असलेली योजना. कलम ३ नुसार अशी योजना चालवणं तर गुन्हा आहेच, पण तिचं सभासद होणं आणि तिच्यासाठी पैसे घेणं-देणंही त्यात येतं. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. २०२१ च्या थेट विक्रीच्या नियमांनीही थेट विक्रीच्या नावाखाली पिरॅमिड योजना चालवायला मनाई केली आहे. ‘कंपनी नोंदलेली आहे, जीएसटी भरते,’ असं वहिनींनी सांगितलं, आणि ते खोटं नसेलही. पण कंपनी नोंदवली म्हणून तिचा प्रत्येक प्लॅन कायदेशीर ठरत नाही.

मतदान झालं नाही. आक्कांनी अर्ज मागे घेतला. गटाच्या नोंदवहीत ठराव लिहिला गेला की सभासद भरती करून पैसे मिळवण्याच्या कोणत्याही योजनेसाठी गटातून कर्ज दिलं जाणार नाही. खाली बारा सह्या आहेत, त्यांतली पहिली आक्कांची.

पुढे काय झालं

आक्कांचे सहा हजार परत आले नाहीत. किट परत घ्या म्हणून त्यांनी लेखी मागणी केली. पावतीच्या मागे ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असं छापलेलं होतं, आणि कंपनीकडून उत्तरच आलं नाही. काढा घरात वापरला गेला.

ज्या दोघी पुढच्या महिन्यात अर्ज करणार होत्या, त्यांतल्या एकीनं बाहेरून, सोनं गहाण ठेवून, तीन आयडी घेतल्याचं नंतर कळलं. हे आम्हाला रोखता आलं नाही. ती आमच्या बैठकींना येत होती, दाणे मोजताना शेजारी बसलेली होती. तिचे पैसे आधीच भरून झाले होते आणि ते सांगायची तिला लाज वाटली.

आमच्या भागातली साखळी साठच्या आसपास थांबली. चार महिन्यांनी मुंबई नाक्याजवळचं भाड्याचं ऑफिस बंद झालं आणि भाऊंचा फोन लागेना. तेव्हा वहिनींसकट नऊ जणींनी शहर पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे अर्ज दिला. अर्जाला पावत्या, पडद्यावरच्या प्लॅनचे फोटो आणि वहिनींच्या वहीच्या झेरॉक्स जोडल्या. वही नसती तर कोणाखाली कोण आणि पैसा कुठून कुठे गेला हे सांगणं कठीण होतं.

काय वेगळं करता आलं असतं

शहर संपण्याच्या हिशेबापासून मी सुरुवात करायला नको होती. तो हिशेब मला आवडतो, वर्गात मुलांना थक्क करतो, म्हणून मी तो आधी घेतला. पण शेवटी वहिनींची वही आणि माणसं-बाणांची बेरीज यांनीच काम केलं, आणि त्याला पाच मिनिटं लागली. पुन्हा असा प्रसंग आला तर मी पहिल्यांदा खरी नावं मागेन, ती मोजेन, आणि शून्य असलेल्या नावांना गोल करेन.

वहिनींना पहिल्या बैठकीला न बोलावणं ही दुसरी चूक. त्या नसताना झालेली चर्चा त्यांच्या कानावर तिखटमीठ लावून गेली. आक्का आणि त्या दीड महिना बोलत नव्हत्या, आणि वही तेवढी उशिरा मिळाली.

कायद्याचं कलम मी सगळ्यांसमोर वाचून दाखवलं, त्याबद्दल अजून माझं मन दोन्हीकडे जातं. ते सांगणं गरजेचं होतं. पण ‘सभासद होणंही गुन्हा’ हे ऐकल्यावर ज्या बायकांनी इतरांना आत आणलं होतं त्या घाबरल्या आणि गप्प झाल्या. सोनं गहाण ठेवणारी त्यांतलीच. आधी प्रत्येकीशी वेगळं बोलून, कोणी किती भरलंय हे विचारून मग कलम काढलं असतं, तर कदाचित ती बोलली असती. तक्रारीच्या वेळीही साठपैकी नऊच जणी पुढे आल्या. बाकीच्यांना वाटत होतं की आपल्यालाच धरतील.

सोनं गहाण ठेवलेल्या बाईंना नंतर गटानं कर्ज दिलं, दागिने सोडवण्यासाठी, १८,००० रुपये. ठरावात ते बसतं का यावर थोडी चर्चा झाली. आक्का म्हणाल्या, ‘हे लावण्यासाठी नाही, सोडवण्यासाठी आहे,’ आणि जामीन म्हणून सही केली. आजवर सात हप्ते आले आहेत.